पाच महिन्यांच्या गोळ्या

तिसगावातल्या राधाकृष्ण डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंट कधी एकटा नसे. खोली एकच. तिच्यात डॉक्टरांचं टेबल, टेबलापाशी एक स्टूल, आणि स्टुलापासून हातभर अंतरावर दोन लांब बाकं. ज्याचा नंबर लागेल तो स्टुलावर बसायचा आणि बाकीचे कान टवकारून बाकावर. कुणाची मूळव्याध, कुणाच्या सुनेचे दिवस, कुणाच्या म्हाताऱ्याचं लघवीचं गाऱ्हाणं, सगळं चावडीवर मांडल्यासारखं उघड्यावर चाले. बाकावरची मंडळी नुसती ऐकून थांबत नसत. मधूनच एखादी म्हातारी ओव्याचा काढा सुचवायची, आणि डॉक्टरही हसून तिला म्हणायचे, "मग मी कशाला बसलोय इथं?" माणूस भला होता, हाताला गुण होता, आणि बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसे. लोकांनी बाहेर थांबावं, असं त्यांना कधी सुचलं नाही. लोकांनाही सुचलं नाही. जिथं सगळेच एकमेकांचं ऐकतात तिथं लपवायचं ते काय, असा सगळ्यांचाच हिशेब होता.

पण कानिफनाथाला लपवायचं होतं.

त्याच्या बायकोला, चांगुणाला, फेफरं यायचं. लेक मुक्ता झाली त्याच्या पुढच्या वर्षी पहिल्यांदा आलं, आणि मग आठवड्याला एक असं येत गेलं. चुलीपाशी, विहिरीवर, कुठंही. डोळे पांढरे व्हायचे, दात जिभेत रुतायचे, अंग ताठ होऊन झटके द्यायचं. कानिफची आई दगडाबाई हिने आधी देवऋषी केला, मढीला नारळ केला, पायताण हुंगवून झालं. शेवटी कानिफनेच तिला गाडीत घालून तिसगावला आणलं. त्या दिवशी बाजार नव्हता आणि दवाखाना रिकामा होता, म्हणून सगळं मोकळेपणी बोलता आलं. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं, डोळे पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि म्हणाले, "हे भूतबीत काही नाही. मेंदूचा आजार आहे. गार्डिनल नावाची गोळी आहे, ती रोज घ्यायची. सकाळी एक, झोपताना दोन. एकही दिवस चुकवायची नाही."

गोळ्यांनी गुण आला. आठवड्याची गोष्ट दोन-तीन महिन्यांवर गेली. येई तीही पूर्वीसारखी नाही, लवकर आवरे. कानिफच्या दृष्टीने देव पावला होता. तेव्हापासून तीन वर्षं, गावी असला की दर महिन्याला, तो बाजाराच्या दिवशी येई आणि कंपाउंडर त्याला कागदाच्या पुडीत महिन्याच्या गोळ्या बांधून देई. पुडी देण्याआधी डॉक्टर मान वर करून विचारत, "काय कानिफ, बरी आहे ना चांगुणा?"

"बरी हाय, डॉक्टर."

आता ह्यात खोटं किती आणि खरं किती, ते तुम्हीच ठरवा. पूर्वीच्या मानाने ती बरी होतीच. शिवाय ज्या माणसाच्या औषधाने घर सावरलं त्याच्याच तोंडावर 'तुमचं औषध पुरं पडत नाही' म्हणायचं म्हणजे जेवायला वाढणाऱ्या बाईला मीठ कमी आहे म्हणण्यासारखं. आमच्याकडे तसं कुणी म्हणत नाही. आणि तिसरी गोष्ट, बाकं. बाकावर बसलेल्यांपैकी कोण उद्या कुठं काय बोलेल ह्याचा भरवसा नव्हता. पण मी म्हणतो, डॉक्टरांनी तरी असं का विचारावं? 'बरी आहे ना' म्हटल्यावर 'बरी हाय' ह्याखेरीज दुसरं उत्तर माणसाला सुचतच नाही. 'किती वेळा आली?' असं एकदा विचारलं असतं तर? त्यांनी विचारलं नाही, ह्याने सांगितलं नाही, आणि तीन वर्षांत डॉक्टरांच्या मनात पक्कं बसलं की चांगुणाची फीट पहिल्या महिन्यातच थांबली.

दिवाळी झाली. कोरडवाहू गावातली निम्मी माणसं दरवर्षीसारखी ऊसतोडीला निघाली. कानिफ आणि चांगुणाचा एक कोयता होता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला टोळीत कुणी घेत नाही. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची, दोघांनी मिळून गाडी भरायची. टोळीचा मुकादम श्रीमंत नावाचा. तो जोड्या पारखून घेई. मागच्या साली त्याने एका दमेकऱ्याला अर्ध्या वाटेवरून परत पाठवलेलं कानिफने डोळ्यांनी पाहिलं होतं. फेफऱ्याची बाई, हातात कोयता, ह्याचा पत्ता श्रीमंतला लागला तर आपल्यालाही तसंच बैलं वळवावी लागतील, ही धास्ती कानिफला कायम असे. म्हणून पहिल्या दोन हंगामांत त्याने गोळ्या बिऱ्हाडाच्या बोचक्यात लपवून नेल्या होत्या, आणि संपल्या की कुणीतरी गावाकडून येणाऱ्याच्या हाती पुडी मागवली होती. 'आईच्या सांधेदुखीच्या' म्हणून.

ह्या खेपेला तो मार्ग नव्हता. गावाकडून मधे येणारं कुणी नव्हतं. दगडाबाईनेच बजावलं, "पाच म्हयन्याच्या गोळ्या एकदम मागून घे. आन तिलाबी संगं ने. डागतर म्हनत हुते ना, येकदा दाखवा म्हनून."

दुसऱ्या दिवशी गाड्या निघायच्या होत्या. आदल्या दिवशी बाजार होता. चांगुणाला घेऊन कानिफ दवाखान्याच्या दारात आला आणि तिथंच थांबला. पुढच्या बाकावर, टेबलाला गुडघे टेकतील असा, श्रीमंत मुकादम बसला होता. मानेवर हे एवढं गळू. डॉक्टरांनी ते फोडून पट्टी बांधली होती तरी स्वारी उठायला तयार नव्हती, कारण बोलायला डॉक्टर होते आणि ऐकायला खोलीभर माणसं.

चांगुणा पदराआडून पुटपुटली, "आपुन मागून येऊ."

"मागून कवा? सकाळी जुपायच्यात गाड्या."

"मंग ते उठूस्तवर थांबू."

तेवढ्यात डॉक्टरांनीच हाक मारली. "अरे कानिफ! आज मालकिणीलाच आणलंस? ये बाई, बस इथं." माणूस जिव्हाळ्याचा. दारात ताटकळणाऱ्या बाईला त्यांनी सगळ्यांच्या आधी आत घेतलं. कानिफ काय करणार? नको म्हणायला तोंड नव्हतं.

श्रीमंतने मान वळवली. गळवामुळे त्याला सगळं अंगच वळवावं लागलं. "काय रं कानिफ, उद्याची तयारी झाली का? आन दवाखान्यात काय काढलं?"

"काय न्हाई दादा. जरा अशक्तपना."

डॉक्टरांनी चांगुणाची नाडी पाहिली, डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली, हात पुढे धरायला लावले. कानिफ टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर, उद्या तोडीला निघालो. प्रवरेकाठच्या कारखान्यावर. पाडव्यापतुर येनं न्हाई. तिच्या त्या गोळ्या पाच म्हयन्याच्या एकदम द्या."

"पाच महिन्यांच्या?" डॉक्टरांचा आवाज काही हळू नव्हता. "तशा नाही देता येत. अरे, ती काय साखरफुटाण्याची पुडी आहे? झोपेचं औषध आहे ते. तिथं पाचटाच्या झोपडीत पोरंटोरं असतात. कुणी मूठभर गिळल्या तर उठायचं नाही परत. आणि ओल्या कोपीत पुडीतल्या गोळ्या चार दिवसांत विरघळतील. असं कर, एका महिन्याच्या इथून घेऊन जा. पुढच्या मी चिठ्ठीवर लिहून देतो. ती चिठ्ठी दाखवली की कारखान्याजवळच्या गावात औषधाच्या दुकानात दर महिन्याला मिळतील."

कानिफचा जीव भांड्यात पडला. काम झालं होतं. श्रीमंतला काही कळलं नव्हतं. आता चिठ्ठी घ्यायची आणि उठायचं.

पण डॉक्टरांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. ते चांगुणाकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आपल्या हातचं काम नीट उतरल्याचा आनंद होता.

"किती वर्षं झाली गं बाई? तीन झाली ना? आणि तीन वर्षांत एकदाही त्रास नाही." 'फीट' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, हे कानिफचं नशीबच म्हणायचं. "मग आता जन्मभर कशाला खायच्या गोळ्या? तीन वर्षं नीट गेली की हळूहळू कमी करून बंद करून पाहता येतात. खरंच एकदाही नाही ना?"

हा प्रश्न त्यांनी चांगुणाला विचारला. तीन वर्षांत पहिल्यांदा नीट विचारला, आणि जिला विचारायला हवा होता तिलाच विचारला.

चांगुणाने नवऱ्याकडे पाहिलं. दसऱ्याच्या आसपास तिला आली होती. त्याआधी आषाढात. तिचे ओठ हलले. "मागल्या म्हयन्यात..."

"मागल्या म्हयन्यात जरा कनकन आल्ती," कानिफ घाईघाईने म्हणाला. "तेवढंच. बाकी काय न्हाई डॉक्टर. बरी हाय ती."

बाकावरून श्रीमंतने जांभई दिली. चांगुणाने मान खाली घातली. नवरा बोलल्यावर चार लोकांत त्याचं बोलणं खोडायचं तिच्या वळणात नव्हतं.

"छान!" डॉक्टर म्हणाले आणि लिहायला लागले. "मग आजपासून तीनच्या दोन. सकाळची बंद, झोपतानाच्या दोन चालू. दोन महिने तशा. मग झोपताना एकच, पुढचे तीन महिने. परत आलात की मला दाखवा, मग ती शेवटचीही थांबवू. पण एक ऐक, कानिफ. नीट ऐक." त्यांनी पेन खाली ठेवलं. "एकदम बंद करायच्या नाहीत. कमी करणं वेगळं, बंद करणं वेगळं. ह्या गोळ्या एकाएकी सुटल्या तर आजार दुप्पट उसळतो. आणि मधे पुन्हा त्रास झालाच, तर तिथल्या डॉक्टरला गाठायचं, पूर्ववत तीन सुरू करायच्या. कळलं?"

"कळलं."

चिठ्ठीवर त्यांनी औषध लिहिलं, कोणत्या महिन्यात किती ते लिहिलं, दर महिन्याला एकदा द्यावं असं लिहिलं, पहिल्या महिन्याचं दवाखान्यातून दिल्याची तारीख टाकली आणि सही केली. कंपाउंडरने महिन्याच्या गोळ्या बाटलीत मोजून घातल्या. रोजच्या दोन प्रमाणे. कानिफने बाटली आणि चिठ्ठी बंडीच्या खिशात ठेवली आणि मुकादमाला रामराम घालून तो बाहेर पडला.

 बाजार ओलांडून वेशीबाहेर आल्यावर चांगुणा म्हणाली, "तुमी का न्हाई सांगितलं?"

"श्रीमंत बसला हुता की पुढ्यात. दिसला न्हाई तुला?"

"मंग माघारी जाऊन सांगा. आता एकटं जा. म्या थांबते हितं झाडाखाली."

कानिफने मागे वळून पाहिलं. दवाखान्याच्या पायरीवर श्रीमंत उभा होता आणि कुणाशी तरी हसत होता. "आता कुटं. मी बघतो. तुला म्या तीनच देनार. कमी-बिमी काय करायचं न्हाई. मला ठाऊक न्हाई व्हय तुझं?"

"पन तीन दिल्या तर पुरतील कशा?"

"आगं, चिठ्ठी हाय ना. संपल्या की दुकानातून घ्यायच्या."

चिठ्ठी हातात असली की औषध आपल्या मालकीचं झालं, अशी त्याची समजूत. तीन वर्षं कंपाउंडरकडून पुडी घेणाऱ्याला दुकानाचे कायदे कुठून ठाऊक असणार? चांगुणालाही ते पटलं. तिचा त्याच्यावर जीव होता, आणि विश्वास तर त्याहून जास्त. मी एवढंच म्हणेन, त्या वेशीपासून दवाखाना हाकेच्या अंतरावर होता.

मिरी, सोनई करत गाड्या चौथ्या दिवशी प्रवरेकाठी पोचल्या. मुक्ताला दगडाबाईपाशी ठेवलं होतं. पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या, तोड सुरू झाली. थंडी पडली होती आणि फडात पहाटेपासून ऊस भिजलेला असे. श्रीमंतने चांगुणाला मोळ्या बांधायला लावलं, तोडायला कानिफ. काम झपाट्याने होत होतं. ती हसत होती, बाकीच्या बायांबरोबर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकायला जात होती. रोज सकाळी एक आणि झोपताना दोन. बाटली अर्धी झाली, मग तळ दिसू लागला, आणि तीन आठवड्यांच्या आतच रिकामी झाली.

त्याच दिवशी ऊस कारखान्यावर रिकामा करून कानिफ बाजाराच्या गावी गेला. औषधाच्या दुकानातल्या चष्मेवाल्या माणसाने चिठ्ठी उजेडात धरून वाचली, उलटीपालटी केली.

"ह्या गोळ्या तुला डॉक्टरांनी महिन्याच्या दिल्यात. महिना कुठं झालाय? अजून नऊ दिवस आहेत."

"संपल्या."

"संपल्या कशा? रोज दोन लिहिल्यात."

कानिफने मागे पाहिलं. दुकानात अजून चार गिऱ्हाइकं होती. त्यातला एक त्यांच्याच तळावरचा, बीडकडच्या टोळीतला.

"ओल्या झाल्या," तो म्हणाला.

दुकानदार वाईट नव्हता. त्याने चष्मा काढला. "हे बघ गड्या, हे झोपेचं औषध आहे. डॉक्टरांनी जसं लिहिलं तसंच द्यावं लागतं, तारखेच्या आधी नाही. दिलं की मला दुकानाचा शिक्का मारून तारीख घालावी लागते. उद्या कुणी तपासायला आलं तर माझं दुकान बंद होईल. तू असं कर, इथल्या कुणाही डॉक्टरकडून नवीन लिहून आण. तुमच्या कारखान्यावर दवाखाना आहे ना? पेशंटला घेऊन जा, ते लगेच लिहून देतील. आणि आजच जा. गोळी कशासाठी चालू आहे?"

"झोपेसाठी," कानिफ म्हणाला. "आईला झोप येत न्हाई."

असं म्हटल्यावर दुकानदाराला घाई वाटायचं कारण उरलं नाही. त्याने चिठ्ठी परत दिली.

कारखान्याच्या दवाखान्यात तोडणीवाल्याला मुकादमाच्या शब्दाशिवाय कुणी विचारत नसे. टोळी कोणती, मुकादम कोण, ते आधी सांगावं लागे, आणि बाई आजारी म्हटलं की मुकादमाला बोलावणं धाडत. गावातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायचं तरी चांगुणाला फडातून उठवावं लागणार, आणि श्रीमंत कारण विचारणारच. कानिफ कारखान्याच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला. तिथं बैलगाडी उभी करून तो खूप वेळ बसला. शेवटी त्याने स्वतःलाच समजावलं. डॉक्टरच म्हणाले होते, शेवटी बंदच करायच्या आहेत. मग नऊ दिवसांनी काय होतंय? 'एकदम बंद करायच्या नाहीत' हेही त्यांनीच सांगितलेलं होतं, पेन खाली ठेवून सांगितलेलं होतं. पण माणूस आपल्या सोयीचं तेवढंच आठवतो, आणि कानिफने तसंच केलं. त्याने बैलं तळाकडे वळवली.

चांगुणाला त्याने सांगितलं, "दुकानात माल न्हाई. चार-आठ दिसात येतोय."

"मंग तंवर?"

"तंवर जपून राहा. मी हाय ना."

दोन-तीन दिवस काही झालं नाही. मग चांगुणाची झोप उडाली. दिवसभर मोळ्या बांधूनही तिचा डोळा लागेना. हात थरथरायचे, मोळीची गाठ सुटायची. एरवी गरीब बाई, पण आता साध्या बोलण्यावर चिडायला लागली. शेजारच्या कोपीतली केशरबाई तिला म्हणाली, "दिवस ऱ्हायलं का गं?" चांगुणा रडायलाच लागली. कानिफ ते बघत होता आणि बोटांवर दिवस मोजत होता. महिना भरला की बैल न थांबवता दुकानात जायचं, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

महिना भरला नाही. त्याआधीच एका सकाळी, ऊन नुकतं फडावर आलं असताना, मोळी उचलता उचलता ती ओरडली. तो ओरडा कानिफने पूर्वी ऐकला होता. तो धावला. ती सरीत पडली होती आणि तिचं अंग झटके देत होतं. तिच्या खांद्याखालचे उसाचे बुडखे त्याने ओढून काढले, तिला कुशीवर वळवलं आणि वाट बघत बसला. नेहमी थोड्या वेळात थांबे, तसं थांबलं. पण ती डोळे उघडायच्या आतच दुसरं आलं. मग तिसरं. मधे शुद्ध नाहीच. आता मात्र कानिफने हंबरडा फोडला. साऱ्या फडातली माणसं जमली.

श्रीमंतने एका शब्दाने काही विचारलं नाही. भरत आलेली गाडी त्याने स्वतः उलटी केली, ऊस खाली पाडला, चांगुणाला पाचटावर निजवलं आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळत गाडी कारखान्याकडे पळवली. सारी वाट झटके येतच होते. कानिफ तिचं डोकं मांडीवर धरून बसला होता. त्याच्या धोतरावर रक्त आणि फेस.

कारखान्याचा डॉक्टर तरुण होता. त्याने क्षणभरही दवडला नाही. तिला आत घेतलं, तोंड एका अंगाला केलं, दंडात सुई टोचली. मग मांडीत दुसरी, खूप मोठी, उग्र वासाची. सगळी खोली त्या वासाने भरून गेली. आणि काम करता करताच त्याने कानिफला विचारलं, "पहिल्यांदाच आली का फीट?"

कानिफने खिशातली चिठ्ठी पुढे केली. घामाने ती मऊ पडली होती. डॉक्टरने वाचली.

"गार्डिनल. कमी करत आणलंय. म्हणजे बरेच दिवस फीट आलेली नव्हती?"

दारात श्रीमंत उभा होता. त्याच्यामागे केशरबाई, आणि टोळीतली आणखी दोघं. कानिफच्या तोंडून आपसूक निघालं, "व्हय. तीन वर्सं. काय न्हाई. बरी हुती."

"खोटं बोलतोय डॉक्टर," श्रीमंत म्हणाला.

कानिफने मागे पाहिलं.

"येत्यात तिला. मागल्या साली ह्याच तळावर दोनदा आल्त्या. हा गाडी घेऊन कारखान्याच्या वजनकाट्यावर लाइनीत हुता तवा. बायांनी धरली, मी पानी मारलं. शुद्धीवर आल्यावर तिनं आमच्या पाया पडून सांगितलं, मालकाला कळू देऊ नका, तुमाला ठाव हाय हे त्येंना समजलं तर ते भ्येऊन बैलं वळवतील. म्हनून आमी बोललो न्हाई. गोळ्या चालू हायेत, हे बी तिनंच सांगितलं. म्हनून तर म्या तिला कोयता देत न्हाई, मोळ्याच बांधायला लावतो."

साऱ्या टोळीला ठाऊक होतं. केशरबाईला होतं, गाडीवानांना होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिसगावच्या राधाकृष्ण डॉक्टरांना, आणि ज्याला ते ठाऊक असायला हवं होतं असा माणूस जगात तेवढाच एक होता.

तरुण डॉक्टर ताठ झाला. "ह्या गोळ्या चालू आहेत ना? कालची घेतली?"

"संपल्या," कानिफ म्हणाला. "आठवडा झाला."

"आठवडा! एकदम बंद?"  डॉक्टरने आणखी एक सुई भरली. त्याचा चेहरा कानिफला वाचता आला.

झटके दुपारपर्यंत थांबले. चांगुणा घोरल्यासारखा श्वास घेत पडून राहिली. डॉक्टर म्हणाला, नगरला न्यायला हवं, कारखान्याची जीप मागवतो. त्याने मागवलीही. जीप दारात आली तेव्हा तो पुन्हा आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा त्याने ड्रायव्हरला नुसती मान हलवून इंजिन बंद करायला सांगितलं.

केशरबाईने गळा काढला. कानिफला रडू आलं नाही. तो व्हरांड्याच्या फरशीवर पाय सोडून बसला होता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की मुक्ताला काय सांगायचं. आईला काय सांगायचं, ते त्याला तेवढं अवघड वाटत नव्हतं.

श्रीमंत त्याच्याशेजारी येऊन बसला. मानेवरच्या गळवाचा व्रण त्याने नकळत चोळला. 

"तिसगावला," श्रीमंत म्हणाला, "तू तिला घिऊन आल्ता त्या दिवशी. डॉक्टर इचारत हुते. तू म्हनलास, बरी हाय. मला वाटलं, ह्यानं आधीच समदं सांगितलं आसंल, लोकांपुढं उगं झाकतोय. खरं सांग कानिफ, का न्हाई सांगितलंस रं तवा?"

कानिफने त्याच्याकडे पाहिलं नाही. "तुमी बसला हुता."

श्रीमंतला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने तोंडावरून हात फिरवला, आणि तो बोलला तेव्हा त्याचा मुकादमाचा आवाज पार गेला होता.

"आरं, नुसतं म्हनला असतास... तर मी भायेर जाऊन बसलो असतो की रं."